वेगाचे चिन्ह बदलते तेव्हा: विस्थापन आणि कापलेले अंतर

एका सरळ रेषेवर सरकणाऱ्या कणाचा वेग पुढील सूत्राने दिलेला आहे असे समजू. वेळ सेकंदांत आणि वेग मीटर प्रतिसेकंद या एककात मोजलेला आहे.

v(t) = 3t² − 12t + 9

पहिल्या ४ सेकंदांत या कणाने किती अंतर कापले, असा प्रश्न आहे. वेगाचे समाकलन, म्हणजे वर्गात ज्याला सर्रास इंटिग्रेशन म्हणतात ते, केले की t³ − 6t² + 9t ही राशी मिळते. तिच्यात t = 4 घातल्यास 64 − 96 + 36 = 4 येते आणि t = 0 घातल्यास शून्य येते, म्हणून बहुतेक विद्यार्थी ४ मीटर असे उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. या आकडेमोडीत एकही चूक नाही, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ४ मीटर नसून १२ मीटर आहे. जे ४ मीटर मिळाले ते विस्थापन आहे, म्हणजे कण जिथून निघाला तिथपासून अखेरीस तो किती दूर आणि कोणत्या दिशेला होता याचे माप. मधल्या काळात तो उलटा फिरला, काही अंतर मागे आला आणि पुन्हा पुढे गेला, ही हकीकत त्या एका संख्येत दिसत नाही. ती का दिसत नाही आणि ती बाहेर कशी काढायची, हे नीट पाहू.

ऋण वेगाचा हिशेब

समाकलन म्हणजे मुळात बेरीज आहे. ४ सेकंदांच्या कालावधीचे फार बारीक तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यातील वेगाला त्या तुकड्याच्या लांबीने गुणावे आणि येणारे सगळे गुणाकार एकत्र मिळवावेत. तुकडा पुरेसा लहान असेल तर त्या अवधीत वेग जवळजवळ बदलत नाही, म्हणून प्रत्येक गुणाकार हा त्या क्षणी कण किती सरकला हे सांगतो. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की वेगाला दिशा असते आणि सरळ रेषेवर ती दिशा चिन्हाने दाखवली जाते. कण उजवीकडे जात असेल तर वेग धन आणि डावीकडे जात असेल तर ऋण, असे एकदा ठरवले की डावीकडे सरकण्याच्या काळातील प्रत्येक गुणाकार ऋण येतो आणि तो एकूण बेरजेतून वजा होतो. समाकलनाला या दोन प्रकारच्या गुणाकारांत फरक करण्याचे कारणच नसते. ते सर्व मिळवते आणि उरलेली बाकी आपल्या हाती देते.

बँकेच्या पासबुकात असेच घडते: ८ हजार जमा झाले आणि ४ हजार काढले तर शिल्लक ४ हजार दिसते, पण खात्यावरील एकूण उलाढाल १२ हजारांची झालेली असते. विस्थापन ही शिल्लक आहे आणि कापलेले अंतर ही उलाढाल आहे. दोन्ही संख्या खऱ्या आहेत. फक्त त्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

यातून एक नाते लगेच हाती लागते, आणि या लेखात ते शेवटपर्यंत उपयोगी पडणार आहे. कण धन दिशेने एकूण जितका सरकला त्याला F म्हणू आणि ऋण दिशेने जितका सरकला त्याला B म्हणू. दोन्ही संख्या धनच घेऊ. मग विस्थापन F − B इतके आणि कापलेले अंतर F + B इतके होते. या दोहोंतील फरक नेहमी 2B असतो. आपल्या उदाहरणात उत्तरे ४ आणि १२ आहेत, फरक ८ आहे, म्हणून कण एकूण ४ मीटर मागे आला असला पाहिजे. तो खरोखर तितका मागे आला का, हे आता तपासू.

कण कोठे वळतो

दिशा बदलण्यासाठी वेगाला धनाकडून ऋणाकडे किंवा ऋणाकडून धनाकडे जावे लागते, आणि वेग अखंडपणे बदलत असेल तर वाटेत तो शून्य झाल्याशिवाय हे शक्य नाही. म्हणून पहिले काम म्हणजे वेग कधी शून्य होतो ते शोधणे. सूत्राचे अवयव पाडले की 3(t − 1)(t − 3) असे रूप मिळते, त्यामुळे t = 1 आणि t = 3 या दोन क्षणी वेग शून्य आहे. दोन्ही क्षण आपल्या ० ते ४ या कालावधीत येतात. एखादे मूळ कालावधीच्या बाहेर पडले असते, तर ते सोडून द्यावे लागले असते.

दुसरे काम चिन्ह तपासण्याचे. या दोन क्षणांमुळे कालावधीचे तीन भाग पडतात, आणि प्रत्येक भागातील कोणताही एक क्षण घेऊन वेग काढला तरी पुरते, कारण त्या भागात मध्येच चिन्ह बदलायला जागाच नसते. t = 0 ला वेग ९ आहे, म्हणजे पहिल्या सेकंदात कण पुढे जात आहे. t = 2 ला 12 − 24 + 9 म्हणजे −३, म्हणून १ ते ३ सेकंदांत तो मागे येत आहे. t = 4 ला 48 − 48 + 9 म्हणजे पुन्हा ९, म्हणून शेवटच्या सेकंदात तो परत पुढे निघाला आहे.

आता समाकलनातून मिळालेली s(t) = t³ − 6t² + 9t ही राशी याच क्षणांना काढू. सुरुवातीला कण शून्यावर असल्याचे धरल्यास हीच त्याची स्थिती आहे.

s(0) = 0, s(1) = 4, s(3) = 0, s(4) = 4

पहिल्या सेकंदात कण ४ मीटर पुढे गेला, पुढच्या दोन सेकंदांत ४ मीटर मागे येऊन मूळ जागी पोहोचला आणि अखेरच्या सेकंदात पुन्हा ४ मीटर पुढे गेला. म्हणजे F ची किंमत ८ आणि B ची किंमत ४ झाली, आणि त्यावरून विस्थापन ४ मीटर व कापलेले अंतर १२ मीटर ही दोन्ही उत्तरे मिळाली. आलेखाच्या भाषेत सांगायचे तर वेगाची वक्ररेषा वेळेच्या अक्षाच्या वर दोन ठिकाणी ४-४ चे क्षेत्रफळ व्यापते आणि अक्षाखाली एका ठिकाणी ४ चे. विस्थापनासाठी खालचे क्षेत्रफळ वजा करायचे, अंतरासाठी तेही मिळवायचे.

पुस्तकात हेच दोन ओळींत लिहिलेले असते:

विस्थापन = ∫ v(t) dt
अंतर = ∫ |v(t)| dt

दुसऱ्या ओळीतील उभ्या रेषा केवल मूल्य दाखवतात, आणि वेगाचे केवल मूल्य म्हणजेच चाल. ही ओळ पाहताच पुष्कळांचा हात एका चुकीकडे वळतो: आधी संपूर्ण समाकलन करायचे आणि आलेल्या उत्तराचे केवल मूल्य घ्यायचे. तसे केल्यास वजाबाकी आधीच होऊन गेलेली असते आणि नंतर चिन्ह पुसून काहीही परत येत नाही. आपल्या उदाहरणात त्याने पुन्हा ४ मीटरच मिळेल. चिन्ह बेरजेच्या आधी काढायला हवे, आणि हाताने गणित करताना त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की कालावधी वळणाच्या क्षणी तोडायचा, प्रत्येक तुकड्याचे समाकलन स्वतंत्र करायचे आणि मगच प्रत्येक उत्तर धन करून बेरीज करायची.

आणखी एक गोंधळ मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो आकडेमोडीतला नसून समजुतीतला आहे. वेगाचे अवकलन करून त्वरण काढायचे, ते 6t − 12 येते, ते t = 2 ला शून्य होते, आणि म्हणून कण २ ऱ्या सेकंदाला वळतो, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात t = 2 ला कण मागे जाण्याच्या अगदी भरात असतो, कारण तेव्हा त्याचा वेग −३ असतो आणि १ ते ३ सेकंदांच्या अवधीतील ती सर्वाधिक चाल आहे. त्वरण शून्य झाले याचा अर्थ वेग कमी होत जाण्याचे थांबून वाढू लागला, म्हणजे वेगाच्या आलेखाने तळ गाठला. कणाने दिशा बदलली असा त्याचा अर्थ होत नाही. कण वळतो तो वेगाचा आलेख अक्ष ओलांडतो तेव्हा.

ओलांडतो हा शब्द येथे काटेकोरपणे घ्यायला हवा, कारण अक्षाला नुसते टेकून परत फिरणारा आलेख दिशा बदलत नाही. आपल्या सूत्रात शेवटी ९ ऐवजी १२ घेतले तर वेग 3(t − 2)² असा होतो. तो t = 2 ला शून्य होतो, पण त्याच्या आधी आणि नंतरही धनच आहे. कण २ ऱ्या सेकंदाला क्षणभर थांबतो आणि त्याच दिशेने पुढे निघतो. अशा वेळी कालावधी तोडण्याची गरज नाही, आणि तोडला तरी बिघडत नाही. दोन्ही तुकड्यांचे उत्तर धनच येते. विस्थापन आणि अंतर दोन्ही 64 − 96 + 48, म्हणजे १६ मीटर.

वेगात एक स्थिर राशी मिळवली तर

वरच्या दोन सूत्रांची शेजारी शेजारी तुलना केली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. दुसरे सूत्र म्हणजे पहिल्याच वेगात सतत ३ मीटर प्रतिसेकंदाची भर. ४ सेकंदांत अशा भरीने विस्थापन 3 × 4 म्हणजे १२ मीटरने वाढायला हवे, आणि ते ४ वरून १६ वर जाऊन तसेच वाढले. कापलेले अंतर मात्र १२ वरून १६ वर, म्हणजे फक्त ४ मीटरने वाढले. असे का व्हावे?

कारण वेगात मिळवलेली भर कणाला पुढे जातानाच मदत करते. तो मागे येत असताना तीच भर त्याच्या मागे येण्याला आवर घालते आणि त्याची चाल कमी करते. पुढे जाण्याच्या काळात अंतर वाढते, मागे येण्याच्या काळात ते घटते. मूळ सूत्रात कण पहिल्या आणि चौथ्या सेकंदात, म्हणजे एकूण २ सेकंद, पुढे जात होता आणि मधली २ सेकंद मागे येत होता. दोन्ही काळ समान असल्यामुळे अगदी लहानशी भर घातली तर कापलेल्या अंतरावर तिचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. भर वाढत गेली की मागे येण्याचा काळ आखडत जातो, समतोल सुटतो, आणि मगच अंतर हळूहळू वाढू लागते. विस्थापन मात्र पहिल्या क्षणापासून भरीच्या सरळ प्रमाणात वाढत असते.

ही केवळ बीजगणितातील गंमत नव्हे. कोकणातील कोणत्याही खाडीत ती दिवसातून दोनदा घडते.

खाडीत तरंगणारा ओंडका

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. खाडीच्या तोंडापासून आत गेलेल्या अरुंद भागात भरतीचे पाणी आत शिरते आणि ओहोटीला बाहेर पडते, म्हणजे प्रवाहाचा वेग या अवधीत दोनदा चिन्ह बदलतो. समुद्राच्या दिशेला धन मानू, आणि प्रवाहाचा वेग साधेपणासाठी ज्या-वक्रासारखा बदलतो असे धरू. त्याचे सर्वाधिक मूल्य १ मीटर प्रतिसेकंद घेऊ. हा आकडा एखाद्या विशिष्ट खाडीचे मोजमाप म्हणून नव्हे, हिशेबासाठी घेतला आहे. १२ तास २५ मिनिटे म्हणजे ४४,७०० सेकंद; याला T म्हणू.

v(t) = sin(2πt / T)

या पाण्यात एक लाकडी ओंडका तरंगत आहे. ओहोटीच्या अर्ध्या अवधीत तो समुद्राकडे T/π, म्हणजे सुमारे १४.२ किलोमीटर जातो आणि भरतीच्या अर्ध्या अवधीत तितकाच परत येतो. पूर्ण आवर्तनाचे विस्थापन शून्य आणि कापलेले अंतर सुमारे २८.५ किलोमीटर. ओहोटीच्या सुरुवातीला धक्क्यावरून त्याला पाहणारा माणूस साडेबारा तासांनी पुन्हा तिथेच आला, तर ओंडका जागचा हललाच नाही असे त्याला वाटेल.

आता वरून नदीचे पाणी खाडीत येत आहे असे समजू, आणि त्यामुळे समुद्राच्या दिशेने सतत ०.१ मीटर प्रतिसेकंद वेगाची भर पडते असे धरू.

v(t) = sin(2πt / T) + 0.1

विस्थापन लगेच सांगता येते. ज्या-वक्राचा भाग पूर्ण आवर्तनात शून्य होतो आणि उरते ते 0.1 × 44700, म्हणजे ४,४७० मीटर. अंतरासाठी मात्र तोच जुना क्रम पुन्हा चालवावा लागतो: वेग शून्य कधी होतो, चिन्ह कोठे काय आहे, आणि मग तुकड्यातुकड्याने बेरीज.

ज्या-वक्र −०.१ या मूल्याला पोहोचतो तेव्हा वेग शून्य होतो. नदी नसताना पाणी अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे ६ तास १२ मिनिटांच्या सुमारास थबकून उलटले असते. आता ते सुमारे १२ मिनिटे उशिरा उलटते. आवर्तनाच्या शेवटी मात्र ते सुमारे १२ मिनिटे लवकर समुद्राकडे वळते. म्हणजे आपल्या पहिल्या उदाहरणासारखेच येथेही दोन वळणे आणि तीन तुकडे आहेत, फक्त तिसरा तुकडा अगदी लहान आहे. समुद्राकडील प्रवाह एकूण ६ तास ३६ मिनिटे चालतो आणि आतल्या दिशेचा ५ तास ४९ मिनिटे. तुकड्यांचे समाकलन केले तर ओंडका समुद्राकडे एकूण सुमारे १६.५३ किलोमीटर आणि आत सुमारे १२.०६ किलोमीटर जातो असे दिसते. वजाबाकी ४.४७ किलोमीटर येते, जी आधीच्या उत्तराशी जुळते, आणि बेरीज सुमारे २८.६ किलोमीटर येते.

येथे क्षणभर थांबून दोन्ही बदल पाहावेत. नदीच्या पाण्याने विस्थापन शून्यावरून साडेचार किलोमीटरच्या जवळ नेले, पण कापलेल्या अंतरात जेमतेम दीडशे मीटरची भर पडली. एखाद्याने फक्त एकूण अंतर मोजले असते, तर नदी आहे की नाही हे त्याला जवळपास कळलेच नसते. उलट एखाद्याने आवर्तनाअखेरीचे विस्थापनच तेवढे पाहिले असते, तर खाडीतील पाणी दिवसभर संथपणे समुद्राकडे सरकते असे त्याला वाटले असते आणि तेच पाणी १२ किलोमीटर आत येऊन जाते हे त्याच्या लक्षात आले नसते. खाडीत टाकलेला कचरा किंवा सांडलेले तेल ओहोटीबरोबर निघून गेल्यासारखे दिसते आणि पुढच्या भरतीला परत येते, ते याच कारणाने. ते कायमचे बाहेर कधी पडेल हे विस्थापन सांगते, आणि दरम्यान किनाऱ्याच्या किती पट्ट्याला स्पर्श करेल हे समजण्यासाठी F आणि B स्वतंत्रपणे माहीत असावे लागतात.

पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला आणि ही भर १ मीटर प्रतिसेकंदापर्यंत पोहोचली, तर वेग शून्याखाली जातच नाही. भरतीचा जोर ऐन भरात असतानाही पाणी फार तर क्षणभर थबकते. तेव्हा B शून्य होतो आणि विस्थापन व अंतर दोन्ही ४४.७ किलोमीटर होतात. 3(t − 2)² या सूत्रात वेग नुसता अक्षाला टेकला होता, तीच ही स्थिती.

या हिशेबाची एक मर्यादा सांगायला हवी. येथे खाडीच्या संपूर्ण लांबीत एका क्षणी प्रवाहाचा वेग एकच आहे असे धरले आहे. प्रत्यक्षात खाडी कोठे रुंद, कोठे अरुंद असते, उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांत प्रवाहाचा जोर निराळा असतो, आणि ओंडका १४ किलोमीटर सरकला म्हणजे तो निराळ्या वेगाच्या पाण्यात जाऊन पोहोचलेला असतो. तेव्हा वेग केवळ वेळेवर नव्हे, जागेवरही अवलंबून राहतो आणि साधे समाकलन पुरत नाही. शिवाय धन आणि ऋण या दोनच चिन्हांनी काम भागते ते हालचाल एका ठरलेल्या वाटेवरच पुढेमागे होत असेल तरच.

सूत्राऐवजी नोंदी हाती असतील तर

वेगाचे सूत्र क्वचितच कोणी आणून देते. बहुधा हाती असतात त्या ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदी, आणि तेथे विस्थापन व अंतर यांची वागणूक फार वेगळी असते.

पहिल्या उदाहरणातील कणाचा वेग एखादे उपकरण दर २ सेकंदांच्या सरासरीने नोंदवते असे समजू. t = 2 ला कणाची स्थिती 8 − 24 + 18 म्हणजे २ मीटर आहे. म्हणून पहिल्या दोन सेकंदांचा सरासरी वेग १ मीटर प्रतिसेकंद आणि पुढच्या दोन सेकंदांचाही १ मीटर प्रतिसेकंदच येतो. या नोंदी पाहणाऱ्याला एक कण शांतपणे एकाच गतीने पुढे जाताना दिसेल. त्यावरून काढलेले विस्थापन ४ मीटर, अगदी बरोबर. अंतरही ४ मीटर, म्हणजे खऱ्याच्या एक तृतीयांश. दोन्ही वळणे सरासरीच्या पोटात गडप झाली आणि त्याची खूण नोंदींत कोठेही उरली नाही. तेच उपकरण दर सेकंदाच्या सरासरीने चालवले तर नोंदी ४, −२, −२, ४ अशा येतात, आणि त्यांच्या केवल मूल्यांची बेरीज नेमकी १२ होते. ती नेमकी येते, कारण येथे वळणे सेकंदाच्या सीमांवरच आहेत. सरासरी घेताना विस्थापन कधीच हरवत नाही. अंतर हरवते, आणि ते फक्त त्याच नोंदींमधून हरवते ज्यांच्या मध्ये वळण आलेले असते.

म्हणून कमी अंतराने नोंदी घ्याव्यात, असे वाटणे साहजिक आहे. त्याची दुसरी बाजू अशी की प्रत्येक नोंदीत थोडी चूक असते आणि केवल मूल्य घेतल्यावर त्या चुका एकमेकींना खोडत नाहीत. टेबलावर ठेवलेल्या फोनची जीपीएसने दिलेली जागा दर सेकंदाला थोडी इकडे, थोडी तिकडे उडते. ही उडी सरासरी ३ मीटरची आहे असे मानले तर तासाभराच्या ३,६०० उड्यांची बेरीज १०.८ किलोमीटर होते, आणि फोन मात्र जागचा हललेला नसतो. विस्थापन काढले तर ते पहिल्या आणि शेवटच्या नोंदीतल्या चुकीएवढेच, म्हणजे काही मीटरच, येते. नोंदी जितक्या दाट घ्याव्यात तितके हे खोटे अंतर वाढत जाते. दोन नोंदींमधला वेळ कमी करत गेल्यावर मोजलेले अंतर सतत वाढतच राहिले आणि कोठेही स्थिरावले नाही, तर ते वळणांचे नसून उपकरणाच्या चुकीचे आहे असे समजावे.

मग मधले माप कसे ठरवावे? ते वळणे किती जवळजवळ येतात यावर ठरते. नदीसह असलेल्या आपल्या खाडीत वळणाच्या आसपास वेग दर सेकंदाला सुमारे ०.०००१४ मीटर प्रतिसेकंद इतक्या दराने बदलतो. तासाभराची सरासरी घेतली आणि वळण बरोबर त्या तासाच्या मध्यावर आले, तर त्या तासात पाणी सव्वादोनशे मीटर एका दिशेने आणि तितकेच परत सरकलेले असते, आणि ते सुमारे ४५० मीटर अंतर नोंदीतून नाहीसे होते. आवर्तनात अशी दोन वळणे, म्हणजे जास्तीत जास्त ९०० मीटर, २८.६ किलोमीटरांच्या तुलनेत हे ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दहा मिनिटांची सरासरी घेतली तर एका वळणामागे हरवणारे अंतर सुमारे १३ मीटर उरते, कारण ही हानी कालखंडाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि सहापट लहान कालखंडाने ती छत्तीसपट कमी होते. खाडीसाठी दहा मिनिटे पुष्कळ झाली. तीच दहा मिनिटांची सरासरी मैदानावर दर काही सेकंदांनी मागे वळून धावणाऱ्या खेळाडूला लावली, तर त्याच्या धावण्यापैकी जवळजवळ काहीच शिल्लक राहणार नाही.